घसा कोरडा करणाऱ्या ओळी
(नसरापूरच्या एका रसवंतीसाठी लिहिलेल्या फलकांच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

उसाच्या रसाला जाहिरात कशाला लागते, असं जुने रसवंतीवाले विचारत, आणि त्यांचं चुकत नव्हतं. चरकाच्या चाकाला बांधलेली घुंगरं हीच त्यांची जाहिरात होती. बैल चरक फिरवायचा तेव्हापासून ती आहेत. बैल गेला, विजेची मोटर आली, तरी घुंगरं कुणी सोडली नाहीत. मोटरीला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण गिऱ्हाइकाला आहे. पन्नास पावलांवरून छुमछुम ऐकू आली की रस दिसायच्या आधीच जीभ ओली होते.

पाटीवर मात्र फक्त नाव असे, आणि तेही बहुधा एकच. महाराष्ट्रात कुठेही जा, रसवंतीवर कानिफनाथ नाहीतर नवनाथ भेटतात. त्याचं मूळ नसरापूरपासून फार दूर नाही. डोंगरापलीकडे पुरंदर तालुक्यात बोपगाव आहे, तिथल्या गडावर कानिफनाथांचं ठाणं आहे. त्या भागातल्या मंडळींनी रसाचा धंदा मुंबईपासून राज्यभर नेला आणि जाताना गडावरच्या नाथांचं नाव पाटीवर नेलं. त्या नावाने विश्वास बसे, घुंगरांनी तहान लागे. दोन कामं दोघांनी वाटून घेतली होती.

ही वाटणी मोडली ती गाडीच्या काचा वर चढल्यामुळे. पुण्याहून सातारा रस्त्याने येणारा माणूस कात्रज ओलांडतो, खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर थांबतो आणि चेलाडी फाट्याला नसरापूरकडे वळतो. एवढ्या वेळात चारचाकीतल्या माणसाच्या कानावर बाहेरचा एकही आवाज पडलेला नसतो. दुचाकीवाल्याच्या कानावर हेल्मेट असतं. घुंगरं ऐकतो तो फक्त पायी चालणारा आणि एसटीची वाट पाहत उभा असलेला. बाकीच्यांसाठी घुंगरांचं काम आता अक्षरांनी करायचं आहे. पुढच्या पानांवरच्या ओळी त्यासाठीच लिहिल्या आहेत.

त्या वाचण्याआधी एक सांगायला हवं. यातल्या निम्म्याहून अधिक ओळींत रसाचं वर्णन नाही. वाचणाऱ्याला वाटेल, ही कसली जाहिरात? पण रसाची चव गावातल्या शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. ती सांगून कुणाला तहान लागत नाही. माणूस तहानलेला असतो, त्याला ते जाणवलेलं नसतं एवढंच. रस्त्यावर लक्ष असतं, फोनवर बोलणं चाललेलं असतं, पोहोचायची घाई असते. फलकाने त्याचं लक्ष एका क्षणासाठी त्याच्याच घशाकडे वळवायचं. घसा एकदा आठवला की पुढचं काम तोच करतो.

हे नीट कळावं म्हणून एक फलक डोळ्यांसमोर घेऊ. मूळ मजकूर असा होता:

‘उन्हाळ्यात थंडावा देणारा, आरोग्यदायी, शुद्ध, नैसर्गिक व ताज्या उसाचा थंडगार रस तसेच सर्व प्रकारचे आइस्क्रीम येथे मिळेल.’

यात खोटं काही नाही आणि शुद्धलेखनही बरं आहे. पण हा फलक वाचून कुणाचीही गाडी हळू झाली नसती. एकेक शब्द काढून बघू या. ‘उन्हाळ्यात’ हा शब्द पहिला जातो. डोक्यावर ऊन आहे हे फलकाने कशाला सांगायचं? ‘शुद्ध’ हा शब्द गेल्या पन्नास वर्षांत तेलापासून तुपापर्यंत सगळ्यांवर इतका छापला गेला आहे की तो आता उलट शंका उभी करतो. ‘नैसर्गिक’ काढा, ऊस कारखान्यात तयार होतो असं कुणाला वाटत नाही. ‘आरोग्यदायी’ काढा, त्याबद्दल पुढे बोलायचं आहे. ‘तसेच सर्व प्रकारचे आइस्क्रीम’ हे वेगळ्या फलकावर जाईल. ‘येथे मिळेल’ हे आपल्याकडच्या पाट्यांचं जुनं शेपूट आहे. दुकानाच्या पाटीला ते शोभतं, पण समोर चरक फिरत असताना ‘मिळेल’ हा भविष्यकाळ हवाच कशाला?

उरलं काय? ‘ताज्या उसाचा थंडगार रस’. चार शब्द, आणि ठीक आहेत. पण ‘ताज्या’ हाही अजून दावाच आहे, दिसत काही नाही. त्याऐवजी ताजेपणा डोळ्यांना दाखवणारी कृती लिहिली तर? ‘ऊस निवडा. समोर पिळतो.’ आता वाचणाऱ्याच्या मनात मोळीतला ऊस आला, चरक आला, हिरवट पिवळी धार आली. शेवटी आम्ही याच्याही पुढे गेलो आणि ओळ अशी ठरली:

‘आलं-लिंबू उसातच पिळतो.’

यात रस हा शब्दही नाही. पण रसवंतीवर ज्याने कधी उभं राहून पाहिलं आहे, त्याला ते सगळं दिसतं: ऊस दुमडायचा, घडीत आल्याचा तुकडा आणि लिंबाची फोड धरायची आणि घडी पुन्हा चरकात सारायची. शिवाय लिंबाचं नाव घेतलं की तोंडाला पाणी सुटतं. ही कुणाची कल्पना नाही, देहाची सवय आहे. आंबट नुसतं आठवलं तरी लाळ सुटते. गोडाचं तसं होत नाही. म्हणून या पुस्तिकेत ‘मधुर’, ‘गोड’, ‘अमृत’ हे शब्द सापडणार नाहीत. कोरड्या घशाला गोड नको असतं, गार आणि ओलं हवं असतं. प्यायलेलं पाणी पोटातून अंगात भिनायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात, पण तहान भागल्यासारखं पहिल्या काही घोटांतच वाटतं, कारण ते सुख तोंडाला आणि घशाला होतं. ओळ लिहिताना तेवढाच टापू आपला: ओठ, जीभ, घसा. पोट, ताकद, रक्त, ऊर्जा हे सगळं डॉक्टरांकडे.

शब्द ठरले की गाठ पडते वेगाशी. मार्गासनी, विंझरकडून येणारा वेल्ह्याचा रस्ता नसरापूरजवळ येतो तेव्हा गाड्या ताशी चाळीसच्या आसपास असतात असं धरू. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे: अक्षर एक इंच उंच असेल तर दहा फुटांवरून ते आरामात वाचता येतं. सहा इंची अक्षर साठ फुटांवरून, म्हणजे १८ मीटरवरून. गाडीला हे अंतर कापायला दोन सेकंदही लागत नाहीत. डोळ्यांवर ताण देऊन माणूस याहून लांबून वाचू शकतो, पण उन्हात, घाईत, आपल्या फलकासाठी तो ताण का देईल? दोन सेकंदांत तीन-चार शब्द वाचले जातात. पाचवा शब्द आरशात दिसतो.

त्याहून मोठी अडचण पुढची. वाचलं, घशाला कोरड पडली, थांबावंसं वाटलं, तोवर रसवंती मागे गेलेली असते. मागच्या गाडीचा अंदाज घेत, कडेला घेत थांबायला चाळीसच्या वेगालाही तीस-चाळीस मीटर तरी हवेत. आणि एकदा पुढे गेलेला माणूस रसासाठी गाडी वळवून आणत नाही, फार तर पुढच्या रसवंतीवर थांबतो. म्हणजे आपल्या ओळीने दुसऱ्याचा गल्ला भरला. म्हणून तहान लावणारा फलक रसवंतीवर लावायचाच नाही, तो शंभरेक पावलं अलीकडे लावायचा. रसवंतीवर फक्त नाव, भाव आणि बाण. तिथे वाङ्मय नको.

हा फलक कुणाच्या जागेत उभा करायचा हे आधी विचारून घ्यावं. रस्त्याच्या हद्दीत विनापरवाना लावलेला फलक काढून नेला जातो आणि छपाईचे पैसे बुडतात. शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याची परवानगी घेऊन, हीच खरी सोय. मोबदला म्हणून त्याच्या घरी संध्याकाळी रस जातो. हा व्यवहार कुठे लिहिलेला नसतो आणि क्वचितच मोडतो.

आता वेल्ह्याच्या रस्त्यावरचा माणूस बघू, कारण या पुस्तिकेतली मला सर्वांत आवडणारी ओळ त्याच्यासाठी आहे. वेल्हे, ज्या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, तिथून एप्रिल-मे महिन्यात रविवारी दुपारी परतणारी पोरं तोरण्याहून नाहीतर राजगडाहून उतरलेली असतात. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०० मीटर उंच. पहाटे चढायला सुरुवात केली तरी उतरताना ऊन गाठतंच, आणि वरच्या उघड्या सोंडेवर सावली नसते. पाठीवरच्या पिशवीत एक बाटली असते. तिच्यात तळाशी चार घोट पाणी असतं, पिववत नाही आणि टाकवतही नाही. या पोरांना थंडगार रसाचं वर्णन ऐकवायची गरज नाही. त्यांच्यासाठी ओळ आहे:

‘बाटलीतलं पाणी गरम झालं असेल.’

बस. खाली काही नाही, ग्लासाचं चित्र नाही, बाण नाही. साठ पावलांवर दुसरा फलक: ‘आमच्याकडचं गार आहे.’ आणि मग रसवंती.

दोन फलकांत एक वाक्य तोडण्याची ही युक्ती आमची नाही. अमेरिकेत बर्मा-शेव्ह नावाच्या दाढीच्या क्रीमच्या कंपनीने १९२५ मध्ये रस्त्याच्या कडेला छोट्या पाट्यांची रांग लावायला सुरुवात केली. एका पाटीवर दोन-तीन शब्द, थोड्या अंतरावर पुढचे, शेवटी यमक जुळायचं आणि सर्वांत शेवटी क्रीमचं नाव. गाडीतली माणसं पुढची पाटी यायची वाट बघायची. हे १९६३ पर्यंत चाललं; मग मोठे रस्ते आणि वाढलेला वेग यांनी ते संपवलं. आपल्या महामार्गावर तेच होईल. ऐंशीच्या वेगाला पाट्यांची रांग वाचणं धोक्याचं, म्हणून ही जोडी फक्त वेल्ह्याच्या रस्त्यासाठी आहे. महामार्गाच्या बाजूला एकच ओळ, तीच शेवटची.

महामार्गाकडून येणाऱ्या बंद चारचाकीत मात्र तहानेचा डाव चालत नाही. आत वातानुकूलन असतं, पायाशी पाण्याची बाटली असते आणि ती गार असते. अशा माणसाला ‘घसा कोरडा पडला का?’ असं विचारलं तर तो मनातल्या मनात नाही म्हणतो आणि निघून जातो. प्रश्नाचा धोका हाच, की उत्तर आपल्या हातात राहत नाही. या गाडीत ज्याच्याशी बोलायचं तो मागच्या सीटवर बसलेला असतो, सात-आठ वर्षांचा, कंटाळलेला. त्याला ऊस नको असतो. इथे आइस्क्रीमचा फलक लागतो, आणि तो वाचता यायला हवा नुकतंच जोडाक्षर वाचायला शिकलेल्या मुलाला. ‘स्क्री’ हे अक्षर तसं त्याच्यासाठी अवघडच, म्हणून आमच्या फलकावर ‘गारीगार’ आहे. गावाकडच्या मुलांना तो शब्द माहीत असतो, शहरातला मुलगा मोठ्याने विचारतो, ‘बाबा, गारीगार म्हणजे काय?’ आणि बाबांना आपलं लहानपण, शाळेबाहेरची लाकडी पेटी, रंगीत कांडी सगळं एकदम आठवतं. त्यानंतर गाडी थांबवायची की नाही हा निर्णय मुलाच्या हातात राहतच नाही.

रस आणि आइस्क्रीम एकाच फलकावर का नको, हेही यातूनच कळतं. रस तहानेसाठी, आइस्क्रीम हावेसाठी. दोन्ही एकत्र लिहिले की वाचणारा निवडायला लागतो, आणि निवडणारा माणूस गाडी चालवतच राहतो. दुकानात शिरल्यावर मात्र दोघं एकमेकांचा धंदा वाढवतात. आइस्क्रीम खाल्ल्यावर तोंड चिकट होतं, पाणी हवंसं वाटतं, आणि समोर चरक फिरत असतो. फ्रीजवर आतल्या बाजूने चिकटवायची एक छोटी ओळ पुस्तिकेत आहे ती यासाठी: ‘आता तोंड धुवायला अर्धा ग्लास?’ अर्धा ग्लास ठेवायचा, हे मात्र मालकाला पटवायला लागतं.

पायी येणाऱ्यासाठी ओळी मोठ्या चालतात. तो पाच-सात पावलं फलकाकडे बघत चालतो, थांबतो, पुन्हा वाचतो. बनेश्वराच्या वाटेवरचा फलक तसा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं ते देऊळ दाट झाडीत आहे. बाहेर कितीही ऊन असो, आत बनात गारवा असतो. तिथून बाहेर पडणाऱ्याला ऊन अचानक लागतं. एका क्षणात सावली संपते, डांबर सुरू होतं. नेमकी ती जागा शोधून तिथे हा फलक ठेवायचा: ‘दर्शन झालं. सावली संपली. घसा मात्र बरोबर आला.’ देवळाच्या दारात हाच फलक लावला असता तर उद्धटपणा वाटला असता, आणि फुकटही गेला असता, कारण तिथे कुणाला ऊन लागत नाही.

गावात खरेदी करून पिशव्या घेऊन एसटीसाठी उभ्या असलेल्या बायकांना तहानेपेक्षा हात दुखत असतात. त्यांची ओळ: ‘पिशवी खाली ठेवा, मावशी. रस होतोय.’ ही ओळ फलकावरून वाचली जाण्यापेक्षा पोराने तोंडाने म्हटली तर जास्त चालते, आणि तिला बसायला बाक असेल तरच लिहावी. बाक नसताना ‘पिशवी खाली ठेवा’ म्हणणं म्हणजे धुळीत ठेवा म्हणण्यासारखं आहे.

इथे पुण्याच्या शेजाराचा एक मोह टाळावा लागतो. पुणेरी पाटीचा कोरडा विनोद सगळ्यांनाच येतो असं आपल्याला वाटतं. ‘रस प्या, सल्ला देऊ नका’ वगैरे ओळी आमच्याकडेही जमल्या होत्या. लोक त्यांचे फोटो काढतात, हसतात आणि पुढे जातात. हसणं हे फार मोठं समाधान आहे. ते फलकावरच मिळालं तर रसाची गरज उरत नाही. पुस्तिकेतून त्या ओळी काढल्या आहेत, थोड्या हळहळीने.

ओळ कितीही चांगली असली तरी फ्लेक्सच्या दुकानात तिचं काय होतं हे बघायला स्वतः जावं. जाड, फुगीर अक्षरं हा तिथला नेम. अक्षराचा काळा भाग वाढला की आतली पांढरी जागा बुजते, आणि मराठीत काही अक्षरांचा फरक त्या एवढ्याशा जागेतच असतो. ‘थ’ची गाठ भरून गेली की लांबून ‘य’ दिसतो. ‘ध’वर शिरोरेषा तुटते, ‘घ’वर ती सलग असते, फरक एवढाच. म्हणजे ‘थंड’चं ‘यंड’ होतं आणि ‘घोट’ की ‘धोट’ ते कळत नाही. आपल्या धंद्यातले नेमके दोन मोलाचे शब्द बळी पडतात. उपाय सोपा आहे: मध्यम जाडीचं अक्षर, अक्षरांभोवती सावली किंवा दुहेरी कडा नको, आणि छपाईआधी कागदावर एक ओळ काढून रस्त्याच्या पलीकडून वाचून घ्यायची. दुसरी खोड म्हणजे जागेत बसवण्यासाठी ओळ वरून दाबणं. आपल्या लिपीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. सहा इंची अक्षर हवं तर ओळीला दहा-बारा इंच द्यावे लागतात. दाबलेल्या ओळीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शब्द कमी करा, अक्षर दाबू नका.

रंगांबद्दल एवढंच. पिवळ्यावर काळं सर्वांत लांबून वाचता येतं आणि उसालाही ते शोभतं. स्वस्त शाईतला लाल आणि पिवळा उन्हाने आधी उडतो, निळा मागे राहतो. पाडव्याला लावलेल्या फलकावरचा रसाचा ग्लास मे महिन्यात निळसर दिसायला लागतो ते यामुळे. निळसर बर्फाचं चित्रही टाळावं. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळायचा नियम अन्न व औषध प्रशासनाने केला, म्हणजे निळा बर्फ हा मासळी आणि कारखान्यांसाठीचा. ज्याला हे ठाऊक आहे तो निळा बर्फ पाहून तहान विसरतो.

आणि मग दाव्यांचा विषय येतो, जो मुद्दाम राखून ठेवला होता. रसवंतीच्या बऱ्याच फलकांवर ‘काविळीवर गुणकारी’ असं असतं. अन्न विकताना ते रोग बरा करतं असं म्हणता येत नाही, ही कायद्याची बाजू झाली. पण लिहिणाऱ्याची बाजूही तीच आहे. कावीळ हा शब्द वाचून कुणाला तहान लागेल? त्यातून दूषित पाणी आणि बर्फ हेच काविळीच्या विषाणूंचे नेहमीचे मार्ग, त्यामुळे हा शब्द लिहिणारा वाचणाऱ्याला नेमकी ती शंका देतो जी आपल्याला त्याच्या मनातून काढायची होती. त्या जागी आम्ही ‘बर्फ तुम्ही सांगाल तेवढाच’ ही ओळ ठेवली आहे. रसवंतीवर आलेल्या माणसाच्या मनात दोन शंका असतात: बर्फ कुठला, आणि ग्लासात रस किती. ही ओळ दुसरीला उत्तर देते. पहिलीला उत्तर शब्दांनी देता येत नाही. बर्फाची पेटी झाकलेली, स्वच्छ आणि समोर दिसेल अशी ठेवावी लागते.

‘समोर पिळतो’ ही ओळही पाळायला कठीण आहे. रस हवेत राहिला की काळपट पडतो. उसातली विकरं हवेतल्या प्राणवायूच्या साथीने ते करतात, लिंबाचा आंबटपणा ते लांबवतो पण थांबवत नाही. गर्दी वाढली की मालकाला आधीच एक भांडं भरून ठेवायचा मोह होतो. गिऱ्हाईक रंगावरून ओळखतं. तेव्हा गर्दीच्या वेळी भांडं भरूनच ठेवणार असाल तर ती ओळ छापू नका. त्याच न्यायाने ‘गावच्या उसाचा रस’ ही ओळ मे महिन्यात जपून वापरावी. भोर तालुक्यात ऊस आहे, निगड्याला राजगड सहकारी साखर कारखानाही आहे, पण गळीत हंगाम संपल्यावर शेतात उभा ऊस शोधावा लागतो आणि लांबूनही आणावा लागतो. तुरा येऊन गेलेला ऊस आतून पोकळ पडतो. चिपाडांचा ढीग तेवढाच, रस कमी. त्या दिवसांत फलकावर गावाचं नाव घालण्यापेक्षा ऊस सोलून, धुऊन दर्शनी उभा करावा.

आइस्क्रीमच्या बाबतीत शब्द त्याहून काटेकोर आहे. नुसतं आइस्क्रीम म्हणायचं तर नियमाप्रमाणे त्यात किमान १० टक्के दुधाची स्निग्धता लागते. दुधाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या गोठवलेल्या पदार्थाला फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं आणि ते डब्यावर छापलेलं असतं. फ्रीजमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि दिसायलाही सारखे. म्हणून ‘अस्सल दुधाचं’ ही ओळ लिहिण्याआधी डबे काढून बारीक अक्षरं वाचावीत. आमच्या रसवंतीवर दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे ती ओळ या पुस्तिकेत नाही. ‘गारीगार’ला मात्र कुणी हरकत घेणार नाही, ती बर्फाची कांडी आहे आणि बर्फाची कांडीच म्हणून विकली जाते.

महामार्गाच्या बाजूची जी एक ओळ सांगायची राहिली होती, ती आहे ‘थांबा. घोटभर.’ ती ठरवायला सगळ्यांत जास्त वाद झाला. आधी ‘रस’ शब्द होता, तो काढला, कारण खाली उसाचं चित्र आहेच. ‘थंड’ काढला, कारण ‘यंड’. घोटभर राहू दिला, कारण घोट एवढासाच असतो आणि एवढ्याशासाठी थांबायला कुणाची ना नसते. ‘थांबा’तल्या ‘थ’ची गाठ आणि ‘घ’ची सलग शिरोरेषा दिसेल एवढी ही अक्षरं मोठी छापून घेतली आहेत.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जो फलक आहे तो दोन्ही बाजूंनी छापायचा आहे. पुढे ‘चरक चालू आहे.’ चरक खरंच चालू असेल तेव्हाच तो रस्त्याकडे तोंड करून ठेवायचा. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला वीज गेली की पोराने धावत जाऊन तो उलटा करायचा. मागची बाजू अशी आहे: ‘वीज गेली आहे. आइस्क्रीम वितळायच्या आत या.’